कराचा पाया रुंद, कराचा दर खाली

कोणत्याही कराचे उत्पन्न दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते. ज्या रकमेवर कर मोजला जातो ती रक्कम म्हणजे कराचा पाया आणि त्या रकमेचा जो हिस्सा सरकार घेते तो कराचा दर. प्राप्तिकराचा पाया म्हणजे वजावटी आणि सवलती बाजूला काढल्यावर उरणारे करपात्र उत्पन्न. वस्तू व सेवा कराचा, म्हणजे जीएसटीचा, पाया म्हणजे लोकांनी विकत घेतलेल्या करपात्र वस्तूंची आणि सेवांची एकूण किंमत. चर्चा बहुतेक वेळा दराचीच होते, कारण तो एका आकड्यात सांगता येतो. पाया मात्र अधिसूचनांच्या परिशिष्टांत आणि करमाफीच्या लांबलचक याद्यांत दडलेला असतो. दर किती ठेवावा लागेल हे खरे तर त्या याद्याच ठरवतात.

पाया वाढवणे म्हणजे कर भरणाऱ्यांची संख्या वाढवणे, असा एक समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. दोन्हींचा संबंध आहे, पण त्या एकच गोष्टी नाहीत. जीएसटी सुरू झाला तेव्हा नोंदणीकृत व्यापाऱ्यांची संख्या ६५ लाखांच्या आसपास होती, ती पुढे दीड कोटीच्या घरात गेली. म्हणून कराचा पायाही दुपटीहून मोठा झाला असे म्हणता येत नाही, कारण नव्याने नोंदलेल्यांत छोट्या उलाढालीचे व्यापारी पुष्कळ असतात. उलट एकही नवा व्यापारी न नोंदता, माफीच्या यादीतून एक मोठी वस्तू काढली तरी पाया एका दिवसात रुंदावतो. पाया रुपयांत मोजायचा असतो.

दर आणि पाया यांचे नाते एका साध्या हिशेबातून दिसते. समजा, एखाद्या राज्यात लोक वर्षाला १,००० कोटी रुपयांची खरेदी करतात आणि सरकारला त्यातून १०० कोटी रुपये हवे आहेत. सगळ्या खरेदीवर कर असेल तर १० टक्के दर पुरतो. आता ४०० कोटींच्या वस्तू करमुक्त केल्या. तेच १०० कोटी उरलेल्या ६०० कोटींतून काढायचे, म्हणजे दर १६.७ टक्के होतो. मग आणखी २०० कोटींच्या वस्तूंना सवलतीचा ५ टक्के दर दिला. त्यातून १० कोटी मिळतात आणि बाकीचे ९० कोटी शेवटच्या ४०० कोटींवर येऊन पडतात, तेव्हा दर २२.५ टक्क्यांवर जातो. या ४०० कोटींपैकी दहावा भाग बिलाशिवाय विकला जाऊ लागला, तर प्रामाणिकपणे बिल फाडणाऱ्यांच्या मालावर २५ टक्के लागतात. सरकारच्या तिजोरीत पहिल्या दिवशी येत होते तेवढेच १०० कोटी येत आहेत. फक्त दर अडीच पट झाला आहे.

हाच हिशेब उलटा चालवला की पाया रुंदावण्याचा अर्थ कळतो. दर २२.५ टक्के असताना, बिले नीट फाडली जात असतील तर, करमुक्त ४०० कोटींपैकी २०० कोटींच्या वस्तू मुख्य दराखाली आणल्या तर मुख्य दराचा पाया ४०० वरून ६०० कोटी होतो. ९० कोटी उभारायला मग १५ टक्के दर पुरतो. उत्पन्नात एका रुपयाचाही फरक नाही. पण लोकांच्या दृष्टीने सगळे जागच्या जागी राहत नाही. काल शून्य भरणाऱ्यांना आज १५ टक्के भरावे लागतात आणि काल २२.५ टक्के भरणाऱ्यांचा भार साडेसात टक्क्यांनी उतरतो. करसुधारणेचे सगळे राजकारण या दोन गटांमध्ये घडते.

भारतात हा हिशेब अधिकृतपणे आणि देशव्यापी पातळीवर मांडला गेला तो जीएसटी येण्यापूर्वी. केंद्राचा उत्पादन शुल्क, सेवा कर, राज्यांचा व्हॅट, जकात असे अनेक कर रद्द करून एकच कर आणायचा, तर त्याचा दर किती ठेवला म्हणजे केंद्राचे आणि राज्यांचे उत्पन्न जुन्याइतकेच राहील, हा प्रश्न होता. अशा दराला महसूल-तटस्थ दर म्हणतात. तो शोधण्यासाठी केंद्र सरकारने तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिचा अहवाल आला.

जुन्या करांतून किती पैसा येत होता, हे सरकारला माहीत होते. नव्या कराचा पाया किती असेल हे मात्र कोणालाच नेमके माहीत नव्हते, कारण तोपर्यंत कारखान्यातील उत्पादन, दुकानातील विक्री आणि सेवा यांवर वेगवेगळी खाती वेगवेगळा कर लावत होती. समितीने पाया मोजण्याच्या तीन पद्धती तपासल्या. पहिली राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीवरून एकूण उपभोग काढत होती. दुसरी व्हॅट, उत्पादन शुल्क आणि सेवा कर भरणाऱ्यांच्या उलाढालीवरून पाया ठरवत होती. तिसरी प्राप्तिकर विवरणपत्रांतील उलाढालीचे आकडे वापरत होती. पहिल्या आणि तिसऱ्या पद्धतीने महसूल-तटस्थ दर १२ टक्क्यांच्या आसपास निघाला, दुसऱ्या पद्धतीने १८ टक्क्यांच्या जवळ. देश तोच, गाठायचे उत्पन्न तेच. पायाचा अंदाज बदलताच दर सहा टक्क्यांनी हलला. समितीने शेवटी १५ ते १५.५ टक्के हा टप्पा सुचवला आणि १५ कडे कल दाखवला.

ही सरासरी होती. प्रत्यक्षात काही वस्तू कमी दरात बसवायच्या होत्या, म्हणून मुख्य दर सरासरीपेक्षा वर ठेवावा लागणार होता. किती वर, हे दाखवणारा एक तक्ता अहवालात आहे आणि पाया व दर यांच्या नात्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे सापडणे कठीण. त्यात कमी दर १२ टक्के आणि तंबाखू, चैनीच्या गाड्या अशांवरचा दर ४० टक्के हे स्थिर धरले आहे. बदलतो तो सोन्याचांदीवरचा दर. सरासरी १५ टक्के धरली आणि सोन्यावर ६ टक्के लावले, तर मुख्य दर १६.९ टक्के ठेवून भागते. सोन्यावर ४ टक्के लावले तर तो १७.३ होतो आणि २ टक्के लावले तर १७.७. म्हणजे सोन्याला एक टक्का सूट दिली की टेलिफोनचे बिल, स्कूटरचे टायर अशा मुख्य दरात बसणाऱ्या शेकडो गोष्टींवर ०.२ टक्के कर वाढतो. ही वाढ कुठल्याही बिलावर वेगळी छापलेली नसते. सोन्याच्या सवलतीसाठी आपण किती मोजले, हे टायर घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

सवलतीचा फायदा कोणाला होतो, हेही तपासले गेले होते. २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीने सोन्याच्या खपाचा सुमारे ८० टक्के वाटा लोकसंख्येतील वरच्या २० टक्क्यांचा असल्याचे नोंदवले. तळाच्या घरांच्या खर्चात सोन्याचा वाटा नगण्य होता. जीएसटीपूर्वी सोन्यावर केंद्र आणि राज्य मिळून जेमतेम एक-दीड टक्का कर होता, तर सामान्य कारखानी मालावर सव्वीस टक्क्यांच्या आसपास. मार्च २०१६ मध्ये दागिन्यांवर एक टक्का उत्पादन शुल्क आल्याबरोबर देशभरातील सराफांनी सुमारे सहा आठवडे दुकाने बंद ठेवली. पुढे १ जुलै २०१७ पासून सोन्यावर ३ टक्के जीएसटी ठरला आणि मुख्य दर १८ टक्के.

सराफांच्या बाजूला एक मुद्दा मात्र वजनाचा आहे. सोने लहान जागेत मोठी किंमत सामावते, सहज लपवता येते आणि रोखीत विकता येते. त्यावर दर चढवला की पायाच बिलाबाहेर निसटू लागतो. आयात शुल्काच्या बाबतीत हे दिसलेच: २०२२ मध्ये ते १५ टक्के केले गेले आणि चोरट्या आयातीची चिंता वाढल्यावर २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आणले गेले. वरच्या गुणाकारात पाया स्थिर धरला होता. वास्तवात तो दराकडे पाहून हलतो, कुठे कमी तर कुठे जास्त. म्हणून सोन्यावर १८ टक्के लावले असते तर मुख्य दर कितीतरी खाली आला असता, असे सरळ म्हणता येत नाही. पण २ आणि ६ यांच्यामधली निवड ही चोरटेपणाच्या भीतीपेक्षा दबावाने अधिक ठरली, असे मानायला जागा आहे.

पाया खरोखर रुंद ठेवला असता तर दर किती खाली जाऊ शकला असता, याचा अंदाज त्याआधीच मांडला गेला होता. विजय केळकर तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष असताना आयोगाने नेमलेल्या कृती दलाने डिसेंबर २००९ मध्ये सगळ्या वस्तू आणि सेवांवर एकच १२ टक्के दर सुचवला, ५ केंद्राचे आणि ७ राज्यांचे. अट अशी होती की जमीन, घरबांधणी, वीज, रेल्वे वाहतूक यांच्यासह जवळजवळ सगळे काही पायात यावे; पेट्रोलियम, मद्य आणि तंबाखू यांवर जीएसटीशिवाय वेगळा उत्पादन शुल्क राहील. केळकरांच्या मांडणीतला १२ टक्क्यांचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला, त्याच्यासोबतची अट मागे पडली. पायातली एकेक गोष्ट वगळत गेल्यावरही दर मात्र १२ च का ठेवत नाहीत, असा प्रश्न नंतर अनेकदा विचारला गेला. दोन्ही एकत्र मिळणे शक्य नव्हते.

उत्पन्न तेवढेच येणार असेल तर थोड्या वस्तूंवर जास्त दर आणि सगळ्यांवर कमी दर यांत फरक काय पडतो? अर्थशास्त्राचे उत्तर असे, की कराचे नुकसान दराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून बरेच वेगाने वाढते. एक ग्राहक घ्या. एका कामाचे मोल त्याला ११५० रुपये वाटते आणि कारागीर ते १,००० रुपयांत करायला तयार आहे. कर १० टक्के असेल तर बिल ११०० चे होते, व्यवहार होतो, सरकारला १०० रुपये मिळतात आणि ग्राहकाच्या पदरात ५० रुपयांचा फायदा उरतो. कर १८ टक्के असेल तर बिल ११८० चे होते आणि ग्राहक काम रद्द करतो. सरकारला काही मिळत नाही, कारागिराचे काम जाते आणि १५० रुपयांचा जो फायदा निर्माण होऊ शकला असता तो कोणाच्याच हाती लागत नाही. १० टक्के करामुळे जे व्यवहार थांबतात त्यांत प्रत्येकी जास्तीत जास्त १०० रुपयांचा फायदा बुडतो. २० टक्के करामुळे साधारण दुप्पट व्यवहार थांबतात आणि प्रत्येकी बुडणारा फायदा २०० रुपयांपर्यंत जातो. दर दुप्पट, तर नुकसान चौपट. आता बाजारात सारख्याच खपाच्या दोन वस्तू असल्या आणि एकीवर २० टक्के व दुसरीवर शून्य कर लावला, तर नुकसान २० चा वर्ग म्हणजे ४०० या प्रमाणात होते. दोन्हींवर १० टक्के लावले तर ते १०० अधिक १०० म्हणजे २००. जवळपास तेवढेच उत्पन्न निम्म्या नुकसानीत मिळते.

दरांमधले अंतर वाढले की आणखी एक खर्च सुरू होतो, तो वादांचा. दोन दरांच्या सीमारेषेवरच्या प्रत्येक वस्तूला स्वस्त बाजूला ढकलण्यात पैसा असतो. २०२० मध्ये कर्नाटकातील जीएसटीच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणापुढे पॅकबंद परोटा ही चपाती आहे की नाही, हा प्रश्न गेला. चपातीवर ५ टक्के होते. परोटा चपातीत बसत नाही असे ठरून त्यावर १८ टक्के लागले. असे वाद वकिलांना आणि अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे गुंतवतात, आणि त्यांचे मूळ परोट्याच्या पाककृतीत नसून ५ आणि १८ मधल्या तेरा टक्क्यांत असते.

करमाफीचा आणखी एक दोष आहे, तो जीएसटीसारख्या करातच दिसतो आणि सर्वसाधारण वाचकाला तो अनपेक्षित वाटतो. या करात प्रत्येक टप्प्यावरचा व्यापारी आपल्या विक्रीवर कर लावतो आणि खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करून उरलेलाच सरकारला देतो. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. वस्तू करमुक्त झाली की विक्रीवर कर नाही, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही नाही. तो कर मालाच्या किमतीत मुरतो.

सॅनिटरी नॅपकिनचे उदाहरण घ्यावे. जीएसटी सुरू झाला तेव्हा त्यावर १२ टक्के कर होता आणि कच्च्या मालावर १२ ते १८ टक्के. हिशेबापुरते धरू की उत्पादक ६० रुपयांचा कच्चा माल घेतो, त्यावर १८ टक्के म्हणजे १०.८० रुपये कर देतो आणि आपले ४० रुपये घालून माल १०० रुपयांना विकतो. विक्रीवर १२ रुपये कर लागतो, त्यातून १०.८० वजा जातात आणि सरकारकडे १.२० रुपये भरावे लागतात. ग्राहक ११२ रुपये देतो. आता वस्तू करमुक्त केली. १०.८० रुपयांची वजावट गेली, ती रक्कम खर्चात धरावी लागते आणि किंमत ११०.८० होते. बारा रुपयांची करमाफी जाहीर झाली, ग्राहकाच्या हाती आले १ रुपया २० पैसे. त्याच वेळी परदेशातून येणारा माल तिथला कर निर्यातीच्या वेळी परत मिळवून येतो आणि इथे त्यालाही जीएसटी नसतो. सीमाशुल्क बाजूला ठेवले तर तो १०० रुपयांना पडतो. देशी उत्पादक १०.८० रुपयांनी मागे पडला. अर्थ मंत्रालयाने जुलै २०१७ मध्ये नेमके हेच कारण देऊन करमाफी नाकारली होती. वर्षभरानंतर, जुलै २०१८ मध्ये, लोकमताच्या रेट्याखाली ती दिली गेली. मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तूवर कर असू नये ही भावना पूर्णपणे योग्य होती. तिच्यासाठी करमाफी हे साधन कमकुवत निघाले. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटी गेला, तेव्हाही हाच पेच उभा राहिला: विमा कंपन्यांच्या कार्यालय-भाड्यासारख्या खर्चांवरील कराची वजावट संपली.

या करांत खरा शून्य वेगळ्या मार्गाने येतो: विक्रीवर कर नाही आणि खरेदीवर भरलेला करही परत. निर्यातीला ही सोय आहे. देशांतर्गत वस्तूंना ती दिली तर सरकारला उत्पन्न मिळत नाहीच, वर परतावे द्यावे लागतात आणि खोट्या बिलांवर परतावा मागणाऱ्यांची वाट मोकळी होते. म्हणून तज्ज्ञांचा कल माफीची यादी छोटी ठेवून सगळ्यांवर बेताचा दर लावण्याकडे असतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो. गरीब घराच्या खर्चात धान्य, भाजी, दूध यांचा वाटा मोठा असतो. तिथे कर लावून श्रीमंतांच्या वातानुकूलन यंत्रावरचा कर कमी करणे अन्यायाचे दिसते. वाट्याच्या हिशेबाने हा आक्षेप खरा आहे. रुपयांच्या हिशेबाने चित्र थोडे बदलते. महिन्याला अन्नावर ५,००० रुपये खर्च करणाऱ्या घराला ५ टक्के करमाफीतून २५० रुपये वाचतात, आणि २०,००० रुपये खर्च करणाऱ्या सुखवस्तू घराला १,००० रुपये. दोन घरांसाठी मिळून सरकारने १,२५० रुपये सोडले, त्यांतले चार पंचमांश ज्याला गरज नाही त्याच्याकडे गेले. कर गोळा करून त्यातले ५०० रुपये पहिल्या घराला थेट दिले असते, तर ते घर करमाफीपेक्षा दुप्पट फायद्यात राहिले असते आणि सरकारकडे ७५० रुपये दर खाली आणायला उरले असते.

न्यूझीलंडने हा मार्ग प्रत्यक्षात घेतला. १ ऑक्टोबर १९८६ पासून तिथे जीएसटी लागू झाला, एकच दर, १० टक्के, आणि अन्न, पुस्तके, औषधे सगळ्यांवर. वित्तीय सेवा आणि राहत्या घराचे भाडे यांसारखे थोडेच अपवाद ठेवले. सोबत प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ६६ वरून ४८ टक्क्यांवर आणला आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची मदत वाढवली. दर पुढे वाढत १५ टक्क्यांपर्यंत गेला, पण पाया आजही तसाच रुंद आहे.

भारतात मात्र या युक्तिवादाला मर्यादा आहेत आणि त्या झटकून टाकता येत नाहीत. थेट मदत ज्याच्यापर्यंत पोचायला हवी त्याचे नाव यादीत असेलच असे नाही, तर धान्यावरची करमाफी कोणत्याही यादीशिवाय पोचते. शिवाय शेतकरी आणि भाजीविक्रेते यांच्याकडून कर गोळा करण्याचा खर्च मिळणाऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त होऊ शकतो. त्यामुळे सुट्या धान्याची आणि भाजीची माफी समजण्यासारखी आहे. सोन्याच्या सवलतीला हे समर्थन लागू होत नाही. पाया रुंद असावा म्हणजे प्रत्येक वस्तू त्यात असावी असे नसून, बाहेर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूसाठी बाकीचे काय मोजतात हे पाहून मग ती बाहेर ठेवावी.

पेट्रोल आणि डिझेल जीएसटीत आणले की पाया रुंदावेल आणि दर उतरतील, असेही म्हटले जाते. इथे सावध राहायला हवे. ही इंधने जीएसटीच्या बाहेर आहेत, कराच्या बाहेर नाहीत. त्यांवर केंद्राचा उत्पादन शुल्क आहे आणि राज्यांचा व्हॅट. महाराष्ट्रात पेट्रोलवरचा व्हॅट एकटाच २५ टक्क्यांच्या आसपास आहे, त्यावर प्रति लिटर अधिभार वेगळा. १८ टक्के जीएसटी लावून हे कर काढले तर जीएसटीचा पाया वाढेल, पण केंद्र आणि राज्यांचे एकूण उत्पन्न घटेल आणि ती तूट भरायला इतर दर वाढवावे लागतील. केळकर आयोगाच्या कृती दलाने जीएसटीच्या जोडीला वेगळे शुल्क ठेवायला सांगितले ते यासाठीच. त्या रचनेतला फायदा दुसरा असतो: कारखाने आणि वाहतूकदार डिझेलवरच्या जीएसटीची वजावट घेऊ शकतात आणि मालाच्या किमतीत मुरणारा कर कमी होतो. विजेचेही असेच आहे. कापडगिरणी विजेवर जे शुल्क भरते त्याची वजावट तिला मिळत नाही आणि ते सुताच्या, कापडाच्या, शर्टाच्या किमतीत पुढे पुढे सरकत राहते.

एखाद्या देशाचा पाया किती फाटलेला आहे हे ओळखायला एक सोपे मोजमाप वापरतात. देशातील एकूण उपभोगावर सरसकट मुख्य दर लावला असता तर किती कर आला असता, ते काढायचे आणि प्रत्यक्ष आलेल्या कराला त्याने भागायचे. उपभोग १,००० कोटी, मुख्य दर १८ टक्के, तर १८० कोटी यायला हवेत. प्रत्यक्ष ८० कोटी आले तर गुणोत्तर ४४ टक्के. उरलेल्या ५६ टक्क्यांत माफी, सवलतीचे दर आणि चुकवेगिरी सगळे येते. न्यूझीलंडमध्ये हे गुणोत्तर ९५ टक्क्यांहून वर राहिले आहे. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटाची सरासरी निम्म्यापेक्षा थोडीच जास्त आहे. दर वाढवूनही हे गुणोत्तर घसरत असेल, तर वाढवलेल्या दराचा काही भाग वाया जात आहे असे समजावे.

जीएसटी आल्यानंतर भारतात दर उतरले, पण पाया रुंदावून नव्हे. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीच्या बैठकीत १७८ प्रकारच्या वस्तू २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या आणि असे निर्णय पुढेही होत गेले. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानुसार सरासरी दर सुरुवातीच्या १४.४ टक्क्यांवरून सप्टेंबर २०१९ पर्यंत ११.६ टक्क्यांवर आला होता, म्हणजे सुब्रमण्यन समितीच्या १५ टक्क्यांपेक्षा बराच खाली. पाया तेवढाच ठेवून दर उतरवले की उत्पन्न खाली येते. राज्यांना पाच वर्षे भरपाई देण्याचे कायद्यानेच ठरले होते, त्या भरपाईचा भार त्यामुळे जास्त झाला.

उलट दिशेचा एक प्रयत्न जुलै २०२२ मध्ये झाला. २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद आणि लेबल लावलेल्या पीठ, तांदूळ, दही अशा पदार्थांवर ५ टक्के कर आला. त्याआधी नोंदणीकृत ब्रँडवर कर होता, म्हणून कंपन्या ब्रँडवरचा हक्क सोडून दिल्याचे लिहून देत आणि तेच नाव छापून करमुक्त माल विकत. ही पळवाट बुजवली गेली, तरी देशभर विरोध झाला, आणि बदलाबरोबर मुख्य दरात दिसण्याजोगी घट न आल्याने त्याचा लाभ कोणालाच जाणवला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, मुख्यतः ५ आणि १८ हे दोन दर उरले आणि चैनीच्या वस्तूंसाठी ४० टक्के. वादांच्या सीमारेषा कमी झाल्या; परोटा आणि चपाती दोन्ही शून्यावर आल्या. पण त्याच वेळी पनीरसारख्या काही वस्तू आणि विमा नव्याने माफीच्या यादीत गेले, सोने ३ टक्क्यांवरच राहिले आणि सरकारने स्वतःच २०२३-२४ च्या खपावर सुमारे ४८,००० कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असा अंदाज दिला. १८ टक्क्यांचा मुख्य दर २०१७ मध्ये जिथे होता तिथेच आहे. उत्पन्न न गमावता तो १५ च्या दिशेने न्यायचा तर वीज, स्थावर मालमत्ता, मौल्यवान धातू आणि ५ टक्क्यांच्या रकान्यातल्या वस्तू यांचाच विचार करावा लागेल, आणि यांतला प्रत्येक बदल जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश वजनाचे असते आणि राज्यांचे मिळून दोन तृतीयांश.